पगार चुकीच्या खात्यात जाण्याआधी: पेरोलला पाठवायची मेल पुन्हा कशी लिहावी

वेतन विभागाच्या नोंदीत आपलं बँक खातं चुकीचं आहे हे बहुतेकांना महिन्याच्या 22 ते 26 तारखेदरम्यान कळतं. पोर्टलवर कशासाठी तरी गेलं की जुन्या खात्याचे शेवटचे चार अंक दिसतात आणि मग घाईघाईत मेल जाते. ती मेल सहसा सभ्य असते, लांब असते आणि वाचणाऱ्याच्या काहीही उपयोगाची नसते. या लेखात अशीच एक मेल घेऊन ती वाक्यावाक्याने दुरुस्त केली आहे. उदाहरण पुण्याजवळच्या एखाद्या मध्यम आकाराच्या खासगी कंपनीचं धरलं आहे. तिथे हजेरी 21 ते 20 अशी मोजतात, पगाराचं गणित 25 च्या सुमाराला बंद होतं आणि पैसे महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होतात. तुमच्याकडे तारखा वेगळ्या असतील, क्रम मात्र हाच असतो.

आधी पेरोलच्या टेबलावर काय चालतं ते

पगार खात्यात पोचेपर्यंत तीन टप्पे होतात. पहिल्या टप्प्यात कर्मचाऱ्याची मास्टर नोंद असते. नाव, कोड, बँक, खाते क्रमांक, आयएफएससी हे सगळं त्या नोंदीत असतं. हिशेब लॉक झाला की या नोंदीवरून बँक फाइल काढली जाते, तो दुसरा टप्पा. या फाइलमध्ये दर कर्मचाऱ्याची एक ओळ असते. तिसऱ्या टप्प्यात ती फाइल कंपनीच्या नेटबँकिंगवर चढवतात. एक जण ती चढवतो आणि लेखा विभागातला दुसरा जण मंजूर करतो. मंजुरी मिळाली की पैसे निघाले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की फाइल काढल्यानंतर मास्टरमध्ये केलेला बदल त्या फाइलमध्ये आपोआप उतरत नाही. एचआरने 'खातं अपडेट झालं' असं कळवलेलं असतं, पोर्टलवर नवे अंक दिसतात, कधीकधी पगारपत्रकावरही नवंच खातं छापून येतं, आणि पैसे तरी जुन्या खात्याकडे जातात. कुणी खोटं बोललेलं नसतं, फाइल आदल्या दिवशी निघालेली असते एवढंच. म्हणून 'खाते बदलावे' एवढीच विनंती पुरत नाही. या महिन्याच्या फाइलमधल्या आपल्या ओळीचं काय करायचं, तेही मेलमध्ये लिहावं लागतं.

चूक कोणत्या जातीची आहे?

मेल लिहिण्याआधी हे ठरवा, कारण पेरोलने तुमच्यासाठी किती धावपळ करायची ते यावरच ठरतं.

नोंदीतलं खातं तुमचंच आहे, चालू आहे, फक्त तुम्हाला आता दुसऱ्या बँकेत पगार हवा आहे, असं असेल तर ही तातडीची गोष्टच नाही. या महिन्याचा पगार जुन्या खात्यात येऊ द्या, तिथून वळवा आणि बदल पुढच्या महिन्यापासून मागा. 25 तारखेला अशी मेल 'तातडीचे' म्हणून आली की खरंच अडलेल्या माणसाची मेल तिच्या खाली जाते.

खातं बंद झालेलं असेल तर पैसे हरवत नाहीत, पण उशीर होतो. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालते आणि 16 डिसेंबर 2019 पासून ती चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. ज्या बँकेकडे रक्कम गेली तिला ती जमा करता आली नाही तर बॅच संपल्यापासून दोन तासांत परत पाठवावी असा नियम आहे. म्हणजे पैसे कंपनीच्या खात्यात सहसा त्याच दिवशी परत येतात. खरा वेळ जातो तो पुढे: शेकडो ओळींच्या स्टेटमेंटमधून ती परत आलेली रक्कम कुणीतरी शोधायची, ती तुमची आहे हे ओळखायचं आणि पुन्हा पाठवायची. महिनाअखेरीला यात दोन-चार दिवस सहज जातात.

आणि अंक चुकला असेल, म्हणजे नोंदीतला क्रमांक कधीच तुमचा नव्हता, तर प्रकरण गंभीर आहे. असं खातं अस्तित्वात नसेल तर पैसे परत येतील. पण ते दुसऱ्या कुणाचं निघालं तर रक्कम त्याच्या खात्यात जमा होऊ शकते, कारण एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळलंच पाहिजे असं नाही. 2025 पासून नेटबँकिंगमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय आली आहे, पण पगाराची भली मोठी फाइल चढवताना प्रत्येक ओळीचं नाव कुणी पाहील यावर विसंबू नका. एकदा जमा झालेली रक्कम त्या माणसाच्या संमतीशिवाय बँक परत काढून देत नाही. मंजुरीला गेलेली फाइल मागे घ्यायची गरज पडते ती याच प्रकारात, आणि मेलच्या पहिल्या वाक्यात हे स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पेरोल ते करेल.

मूळ मेल

> विषय: पगाराबाबत – अतितातडीचे!!
>
> आदरणीय सर/मॅडम,
> मी आपल्या कंपनीत गेली चार वर्षे प्रामाणिकपणे काम करीत आहे. काही वैयक्तिक कारणांमुळे मला माझे जुने खाते बंद करावे लागले. पोर्टलवर बदल करण्याचा प्रयत्न केला परंतु झाला नाही. तरी माझा पगार नवीन खात्यात जमा करावा. खात्याचा फोटो सोबत जोडला आहे. घराचा हप्ता असल्याने लवकरात लवकर कार्यवाही करावी ही नम्र विनंती. काही शंका असल्यास माझ्या नवीन नंबरवर फोन करावा.
> आपला विश्वासू

ही मेल पेरोलवाल्याने उघडली की त्याला उलट पाच गोष्टी विचाराव्या लागतात. हा माणूस कोण, कारण एकाच नावाचे तिघे असतात आणि कर्मचारी कोड दिलेला नाही. कुठलं खातं बंद झालं, कारण नोंदीत पगाराचं एक आणि खर्चाच्या परताव्याचं दुसरं अशी दोन खाती असू शकतात. पगार कुठल्या महिन्यापासून वळवायचा? पोर्टलवर 'झाला नाही' म्हणजे अर्ज गेलाच नाही, की गेला आणि मंजुरीसाठी अडकला? आणि नवा क्रमांक काय, कारण तो फक्त फोटोत आहे. फोटोतून बघून टाइप केलेल्या क्रमांकात 3 चा 8 किंवा 1 चा 7 होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

शेवटचं वाक्य तर सगळ्यात घातक आहे. कर्मचाऱ्याच्या नावाने मेल पाठवून पगार आपल्या खात्यात वळवून घेणं ही फसवणुकीची जुनी रीत आहे, आणि त्या मेलही अशाच असतात: घाई, नवं खातं, नवा फोन नंबर. सावध पेरोलवाला अशी मेल बाजूला ठेवतो. तुमची अडचण खरी असूनही तुमची मेल बनावट मेलसारखी दिसते.

दुरुस्ती

विषयापासून सुरुवात करू. महिनाअखेरीला पेरोलच्या पेटीत 'पगाराबाबत' असा विषय असलेल्या कितीतरी मेल पडलेल्या असतात. विषयात कोड, महिना आणि काय करायचं हे तिन्ही आलं पाहिजे. उद्गारचिन्हं काढून टाका, तारीख लिहिली की घाई आपोआप कळते.

पहिलं वाक्य जुन्या खात्याबद्दल हवं, नव्याबद्दल नाही. वाचणाऱ्याला आधी थांबवायचं असतं, मग बदलायचं असतं. पूर्ण जुना क्रमांक लिहू नका, शेवटचे चार अंक पुरतात. पूर्ण क्रमांक लिहिला तर मेलमध्ये दोन लांब क्रमांक होतात आणि चुकून जुनाच पुन्हा उतरवला जातो. खातं का बंद केलं हे कुणाला नको असतं, ते कधी बंद झालं हे मात्र हवं असतं.

नव्या खात्याचा तपशील मजकुरात, एका ओळीत एक गोष्ट असा द्या. क्रमांक सलग लिहा, मध्ये जागा किंवा रेघा नकोत, म्हणजे कॉपी करून थेट टाकता येतो. पुढे 'एकूण 11 अंक' असं लिहा. याला एक ठोस कारण आहे. बऱ्याच ठिकाणी बँक फाइल एक्सेलमधून जाते आणि एक्सेल आकड्याचे पहिले 15 अंकच जपतं. पंजाब नॅशनल बँकेसारखा 16 अंकी क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो. क्रमांक शून्याने सुरू होत असेल, जसे आयसीआयसीआयचे अनेक 12 अंकी क्रमांक असतात, तर सुरुवातीची शून्यं गळून पडतात. 'एकूण अंक' लिहिलेले असले की तपासणाऱ्याच्या नजरेत हे लगेच येतं. यामुळेच नवा क्रमांक एक्सेलमध्ये जोडून पाठवू नका.

आयएफएससी कोडही सलग लिहा: 11 अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. महाराष्ट्र बँकेचा कोड `MAHB0` ने सुरू होतो, तर स्टेट बँकेचा `SBIN0` ने. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ पडला की फाइल ती ओळ नाकारते. जुन्या पासबुकवरून कोड उतरवत असाल तर जपून. देना आणि विजया बँक 2019 मध्ये बडोदा बँकेत गेल्या, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक 2020 मध्ये युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात. त्यांचे जुने कोड आता चालत नाहीत. कोड नव्या चेकबुकवरून किंवा बँकेच्या अॅपवरून घ्या.

पुरावा म्हणून रद्द केलेला चेक जोडा. दोन तिरक्या रेघा मारून मध्ये रद्द असं लिहायचं, सही करायची नाही. चेकवर तुमचं नाव छापलेलं असलं पाहिजे. खातं उघडताना लगेच मिळणाऱ्या चेकबुकवर बहुतेक वेळा नाव नसतं, तेव्हा पासबुकचं पहिलं पान किंवा स्टेटमेंटचा वरचा भाग द्या. खालचे व्यवहार कुणाला दाखवायची गरज नाही. डेबिट कार्डाचा फोटो, ओटीपी, पिन यांतलं काहीही पाठवायचं नाही, आणि कुणी मागितलं तर ती मागणी पेरोलची नाही असं समजा.

इथे नावाचा घोळ सांगायलाच हवा. अनेक कंपन्या नव्या खात्यात एक रुपया टाकून बँकेकडून येणारं खातेदाराचं नाव पाहतात. आपल्याकडे लग्नानंतर कंपनीत सासरचं आडनाव आणि बँकेत माहेरचं, किंवा एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, हे सर्रास असतं. संयुक्त खात्यात पहिलं नाव आईचं किंवा नवऱ्याचं असेल तरीही येणारं नाव तुमचं नसतं. मेलमध्ये आधीच एक ओळ लिहून ठेवा: बँकेत नाव असं आहे, पॅनवर तसं आहे, विवाह नोंदणी दाखला जोडला आहे. ती ओळ नसेल तर तपासणी अडते आणि तुम्हाला ते 30 तारखेला कळतं.

आता विनंती. 'लवकरात लवकर' हे काढा आणि दोन पर्याय द्या. फाइल निघालेली नसेल तर हे करा, निघालेली असेल तर ते करा. दुसरा पर्याय म्हणजे आपली ओळ वगळून पगार होल्डवर ठेवणं आणि मग स्वतंत्रपणे पाठवणं. याला तारीख देता येते, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे. हे कलम दाखवून धमकी द्यायची नाही, फक्त ती तारीख विनंतीत घालायची. पेरोललाही ती माहीत असते.

पडताळणीसाठी मेलमध्ये फोन नंबर देऊ नका. 'कंपनीच्या नोंदीत असलेल्या माझ्या मोबाइलवर फोन करून खात्री करावी' असं लिहा. या एका वाक्याने मेलवरचा संशय बराच कमी होतो, कारण बनावट मेल लिहिणारा हे कधीच लिहिणार नाही. तुमचा मोबाइलही बदलला असेल तर दोन्ही बदल एकाच मेलमध्ये मागू नका. ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष जा, किंवा वरिष्ठांकडून खात्री करून द्या. आणि मेल कंपनीच्याच आयडीवरून पाठवा. कारखान्यातल्या कामगारांकडे बहुधा तो नसतो. त्यांनी कागदावर सही करून एचआरला द्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

पुन्हा लिहिलेली मेल

आकडे नमुन्याचे आहेत.

> विषय: कोड 20417 – जूनचा पगार जुन्या खात्यात पाठवू नये – बँक खाते बदल
>
> नमस्कार,
>
> पगारासाठी नोंदीत असलेले माझे खाते (शेवटचे अंक 4471) 12 जून रोजी बंद झाले आहे. जूनचा पगार त्या खात्यात पाठवू नये.
>
> जूनच्या पगारापासून पुढील खाते धरावे:
> खातेदाराचे नाव: (पासबुकप्रमाणे)
> खाते क्रमांक: 12345678820 (एकूण 11 अंक)
> आयएफएससी: ABCD0001234
> बँक व शाखा:
> प्रकार: बचत, एकल
>
> पोर्टलवर हा बदल मी 23 जूनला नोंदवला असून तो एचआर मंजुरीसाठी प्रलंबित दिसतो.
>
> जूनची बँक फाइल तयार झाली नसेल तर तीत वरील खाते घ्यावे. तयार झाली असेल तर माझी ओळ वगळून पगार होल्डवर ठेवावा व 7 जुलैच्या आत नव्या खात्यात स्वतंत्रपणे पाठवावा. यांपैकी काय होऊ शकेल ते कृपया उद्या, 25 जूनपर्यंत कळवावे.
>
> पडताळणीसाठी कंपनीच्या नोंदीतील माझ्या मोबाइलवर फोन करावा.
>
> सोबत: नाव छापलेला रद्द चेक.
>
> (नाव, कोड, विभाग)

तुमच्याकडे पेरोल बाहेरच्या एजन्सीकडे असेल, किंवा मेल इंग्रजीतच चालत असेल, तर भाषा बदला पण क्रम हाच ठेवा. घराच्या हप्त्याचा उल्लेख गेला आहे, हेही पाहा. हप्ता 5 तारखेला असेल तर विनंतीतली तारीख 4 करा. कारण लिहायची गरज पडत नाही.

अंक चुकल्याचं प्रकरण असेल तर फक्त पहिला परिच्छेद बदलतो:

> नोंदीतील खाते क्रमांकात दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. नोंदीत शेवटचे अंक 8280 आहेत, माझ्या खात्याचे 8820. नोंदीतील क्रमांकाचे खाते माझे नाही, ते दुसऱ्या व्यक्तीचे असू शकते. फाइल मंजुरीसाठी गेली असल्यास मंजुरीपूर्वी माझी ओळ थांबवावी.

इथे लेखा विभागालाही प्रत पाठवा, कारण शेवटचं बटण त्यांच्या हातात आहे. काही बँकांच्या प्रणालीत एक ओळ नाकारता येते, काहींत पूर्ण फाइल मागे घ्यावी लागते. सहाशे लोकांची फाइल एका बंद खात्यासाठी मागे घ्यायला कंपनी तयार होत नाही आणि ते समजण्यासारखं आहे. मात्र पैसे परक्याच्या खात्यात जाणार असतील तर आग्रह धरायला हवा, आणि अशा वेळी मेल पाठवून लगेच फोनही करा. फोनवर फक्त तीन गोष्टी: कोड, 'खातं माझं नाही', 'मेल पाठवली आहे'. खाते क्रमांक फोनवर सांगायचा नाही. ऐकून लिहिलेला क्रमांक फोटोतून उतरवलेल्यापेक्षाही जास्त चुकतो.

उत्तर आल्यावर

'नोटेड' किंवा 'अपडेट केलं आहे' हे उत्तर पुरेसं मानू नका. त्याच मेलवर एकच ओळ विचारा: 'जूनच्या बँक फाइलमध्ये माझ्या ओळीत शेवटचे अंक 8820 आहेत का?' पोर्टलवर बदलाची लागू तारीखही पाहा. काही प्रणालींत ती आपोआप पुढच्या महिन्याची 1 तारीख पडते. तेव्हा बदल मंजूर दिसतो आणि जूनला मात्र लागू होत नाही.

पगाराच्या दिवशी पैसे आले नाहीत तर नवी मेल सुरू करू नका, जुन्या धाग्यावरच लिहा:

> कोड 20417. जूनचा पगार आज सायंकाळपर्यंत नव्या खात्यात (8820) जमा झालेला नाही. तो कोणत्या खात्यावर पाठवला गेला आणि त्याचा यूटीआर क्रमांक काय, ते कृपया कळवावे. रक्कम परत आली असल्यास ती पुन्हा कोणत्या तारखेला पाठवली जाईल तेही कळवावे.

यूटीआर हा त्या व्यवहाराचा क्रमांक. तो हातात असेल तर बँकेला पैसे कुठे गेले ते सांगता येतं, नसेल तर शोधणं अवघड जातं. रक्कम परक्या खात्यात जमा झालीच असेल तर ती परत मागण्याचं पत्र कंपनीने आपल्या बँकेमार्फत द्यायचं असतं, कारण पाठवणारी कंपनी आहे. तुम्ही स्वतः त्या दुसऱ्या बँकेच्या शाखेत गेलात तर ती तुम्हाला खातेदाराबद्दल काही सांगणार नाही. चुकीचा अंक मूळ फॉर्ममध्ये तुम्ही लिहिला होता की तो नोंदवताना चुकला, यावरून पुढे वाद होतो. म्हणून रुजू होताना भरलेल्या फॉर्मची किंवा पोर्टलवरच्या जुन्या नोंदीची प्रत याच वेळी मागून ठेवा.

पगाराचं खातं बदललं म्हणजे खर्चाच्या परताव्याचं खातं बदललं असं नाही, बऱ्याच कंपन्यांत ती नोंद वेगळी असते. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला जोडलेलं खातंही वेगळंच असतं आणि ते कंपनीच्या पेरोलमधून बदलत नाही. ते ईपीएफओच्या पोर्टलवर तुम्हालाच बदलावं लागतं. बंद केलेलं खातं तिथेही जोडलेलं असेल तर ते काम त्याच आठवड्यात उरका.